कापसाचा बोळा

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला, मुंबई विमानतळाच्या बाहेर, पावसात, माझ्या सख्ख्या आईने एका परक्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून आमचं पोर सुखरूप पोचलं हो." पोर माझ्या खांद्यावर होतं. पंधरा तास होतं. पण ते जाऊ द्या.

नेवार्क ते मुंबई थेट विमान, आठ महिन्यांचे चिरंजीव आणि मी. बायकोची सुट्टी दोन आठवड्यांनी सुरू होणार, नाशकात आजी-आजोबांना धीर धरवेना, आणि एका बेसावध क्षणी मी "त्यात काय, मी नेतो" म्हणून बसलो. एवढीच पूर्वपीठिका.

बाळाचा पाळणा समोरच्या भिंतीला अडकवतात, म्हणून पहिल्या रांगेत जागा मागून घेतली होती. शेजारी इचलकरंजीच्या एक काकू. लेकीचं बाळंतपण उरकून सहा महिन्यांनी परत निघालेल्या. गुडघ्यांसाठी जावयाने पाय पसरायला येतील अशी जागा घेऊन दिली होती. त्यांच्या पलीकडे खिडकीशी काका, कानटोपी घालून, विमान हलायच्या आधीच झोपलेले. पंधरा तासांत काका एकदाच बोलले, "चहा आला का?"

काकूंचा पहिला प्रश्न, "ह्याची आई कुठाय?"

"घरी."

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आवाज उतरवून, "भांडण झालंय का?"

हा प्रश्न मला सकाळपासून सात जणांनी विचारला होता, भांडणाचा भाग वगळून. बायको नोटरी केलेलं संमतीपत्र देऊन बसली होती, बाप एकटा मूल घेऊन परदेशी निघाला तर कुणी अडवू नये म्हणून. ते कुणी मागितलंसुद्धा नाही. तोंडी खुलासा मात्र प्रत्येकाला हवा होता. बाई एकटी मूल घेऊन निघाली असती तर "बाप कुठाय" असं कुणी विचारलं असतं का? नसतं. उलट मूल रडल्याबद्दल चार बोल ऐकवले असते. म्हणजे तिला बोलणी आणि मला चौकशी, असा हिशेब आहे.

दुधाची तयारी मी लढाईला निघाल्यासारखी केली होती. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरची अट बाळाच्या दुधा-पाण्याला लागत नाही, फक्त ते वेगळं काढून सांगावं लागतं. कप्प्याकप्प्यांच्या डब्यात पूड मोजून भरलेली, एका कप्प्यात तीन चमचे, म्हणजे १८० मिलिलिटरची एक बाटली. पंधरा तासांना चार-पाच बाटल्या लागतात. मी आठ वेळची पूड घेतली होती, कारण विमान उशिरा सुटलं तर पोटाला ते कळत नाही. एअर होस्टेसकडून वाफाळतं पाणी घ्यायचं, पूड घोळवायची, बाटली गार पाण्याच्या पेल्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून बघायचं. पहिल्या बाटलीतलं चिरंजीवांनी अर्धं प्यायलं आणि तोंड फिरवलं. तासाभराने मी उरलेलं ओतून टाकायला निघालो.

"दूध टाकतोस?" काकू एव्हाना 'अहो'वरून 'अरे'वर आल्या होत्या.

"तोंड लागलेलं तासाभरापलीकडे ठेवायचं नसतं, काकू. लाळेतले जंतू वाढतात त्यात."

"त्याचीच लाळ ना?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ३५,००० फुटांवर ते काकूंना पटवण्याइतका प्राणवायू माझ्यात नव्हता.

मग झोप. पाळण्याची वजनाची मर्यादा साधारण १०-११ किलोची असते, चिरंजीव साडेआठचे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. त्यांना घरच्यासारखं लंगोट बदलून, दिवा मालवून, तेच ते अंगाईगीत माझ्या भसाड्या आवाजात म्हणून खांद्यावर झोपवलं आणि श्वास रोखून पाळण्यात उतरवलं. झोपले. मी माझ्या ताटाचं झाकण उघडलं. काकू वाकल्या, पाळण्यात डोकावल्या आणि पंगतीत भात वाढायला हाक मारतात त्या आवाजात म्हणाल्या, "झोपला का रे?"

झोपला होता.

दुसऱ्यांदा झोपवला तेव्हा चाळीस मिनिटं मिळाली. मग विमान थडथडलं, पट्ट्याचा दिवा लागला. दिवा लागला की झोपलेलं मूलही पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यायचं आणि आपल्या पट्ट्यात ओवलेल्या त्याच्या छोट्या पट्ट्याने बांधायचं, असा नियम. नियम बरोबरच आहे. धक्का बसला तर पाळण्यात त्याला धरणारं कुणी नसतं. पण त्या रात्री दिवा पाच वेळा लागला आणि प्रत्येक वेळी विमान दोनच मिनिटं हललं.

"सर्दीचं औषध आणलं नाहीस?" काकू म्हणाल्या. "अर्धा चमचा पाजायचं. आमची मुलगी सांगलीपर्यंत गाढ झोपायची."

हे आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध अजिबात द्यायचं नाही. इतक्या लहान मुलाचा श्वास त्याने मंदावू शकतो, आणि काही मुलं झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. चेकाळलेले चिरंजीव मांडीवर घेऊन अटलांटिक ओलांडायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. मी नुसता हसलो. काकूंनी ते मुलाला औषध आणायचंही ज्याला सुचत नाही अशा बापाचं हसणं म्हणून जमा केलं असावं.

आता खरी गोष्ट, कानाची. जो तो सांगतो की विमान उडताना बाटली दे. उडताना फारसं काही होत नाही, कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. गोची उतरताना होते. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट, म्हणजे आपण पंधरा तास कळसूबाईहूनही उंच बसलेलो असतो आणि मग अर्ध्या तासात समुद्रसपाटीला येतो. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो. पडद्यामागे हवा पोचायला घशापासून कानापर्यंत एक नळी असते, ती गिळताना उघडते. बाळांची ही नळी अरुंद आणि आडवी, आणि आवंढा गिळ हे त्यांना सांगून समजत नाही. म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शेवटची बाटली राखून ठेवा. चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधी इंजिनाचा आवाज बसतो, नाक किंचित खाली जातं, तेव्हा सुरू करा. पट्ट्याच्या दिव्याची वाट बघू नका. झोपला असेल तर उठवा, झोपेत गिळणं कमी होतं.

मी मुंबईच्या वेळेने हिशेब केला. पावणेनऊला उतरणार, सव्वाआठला खाली सरकायला लागणार. चारच्या बाटलीनंतर चिरंजीवांना खेळवत, फिरवत, चमचा चाटायला देत आठपर्यंत खेचलं. आठला बाटली बनवून तयार ठेवली. आता फक्त पंधरा मिनिटं. आणि नऊ तासांनी पहिल्यांदा मला संडासला जावंसं वाटलं. चिरंजीवांना काकूंकडे दिलं.

परत आलो. बाटली रिकामी. चिरंजीवांच्या हनुवटीवर दुधाची मिशी.

"भुकेला होता रे," काकू म्हणाल्या. "कसा घटाघटा प्यायला! तुला कळत कसं नाही?"

मी काही बोललो नाही. एकतर वय, दुसरं म्हणजे इचलकरंजी. त्यात वैमानिकाने सांगितलं, मुंबईत जोरदार पाऊस आहे, वीस मिनिटं घिरट्या माराव्या लागतील. त्या घिरट्या संपल्या, इंजिनाचा आवाज बसला, आणि चिरंजीवांनी कानाला हात नेऊन असा काही सूर लावला की काकासुद्धा हलले. घाईघाईने आणखी थोडं दूध बनवलं, तर भरल्या पोटाने बाटली ढकलून दिली. चोखणी तोंडात घातली, ती तिसऱ्या रांगेत सापडली. धुतलेल्या बोटाचं पेर हिरडीवर धरलं, तर चावले. खरं तर रडणंही कान मोकळं करायला मदतच करतं, हे मला माहीत होतं. पण मागच्या चाळीस प्रवाशांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांच्या नजरा मला पाठीत जाणवत होत्या.

तेवढ्यात काकूंनी पर्स उघडली. सुपारीची डबी, हिंगाष्टकाची पुडी, आणि तिच्या खालून कापूस. त्याचे दोन बोळे वळले आणि "धर डोकं" म्हणून चिरंजीवांच्या कानांत बसवले. आतही फार ढकलू दिले नाहीत मी, नशीब.

कापसातून हवा आरपार जाते. दाब बाहेरून वाढतो तो वाढतोच आणि उणीव असते पडद्याच्या मागे, कापूस असतो पुढे. हे मी तोंड उघडून सांगणार, तेवढ्यात चिरंजीवांनी जबडा पार उघडून एक भलीमोठी जांभई दिली. नळी उघडली असणार. रडणं थांबलं. ते माझ्याकडे बघून चक्क हसले.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या.

समोरच्या जाळीत काकूंनी अर्ध्या वाटेत संपवून झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली होती. ती आता खडखड वाजत आत चेपत चालली होती. मी उत्साहाने म्हटलं, "काकू, ही बाटली बघा. कानाचं अगदी असंच होतं. झाकण उघडलं की ही फुगेल. आत्ताची जांभई म्हणजे ते झाकण."

काकूंनी चेपलेली बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हल्ली प्लास्टिकच हलकं देतात रे," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर काकूंनी माझ्या आईला सगळं सांगितलं. पोर कसं भुकेलं होतं, मी कसा दूध ओतून टाकत होतो, कान कसे दुखले, कापूस कसा कामी आला. आईने त्यांचा फोन नंबर घेतला. माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, तू काही खाल्लंस का?" नाही खाल्लं. ते ताट अटलांटिकवर गार झालं होतं. पण मी उत्तर देईपर्यंत नातू तिच्या कडेवर होता.

नाशिकला घरी पोचायला रात्रीचे अडीच झाले. चिरंजीवांच्या पोटात आणि डोक्यात तेव्हा नेवार्कची संध्याकाळचे पाच वाजण्याची वेळ होती, आणि पाच म्हणजे खेळायची वेळ. आजोबांनी स्टीलच्या वाट्या काढून दिल्या. मी फरशीवर आडवा पडून त्यांचा खणखणाट ऐकत आईला सांगत होतो की साडेनऊ तासांचा फरक आहे, आठवडाभर तरी असंच चालेल, सकाळी त्याला अंगणात उजेडात बसव आणि रात्री अंधार ठेव.

आईने मान डोलावली. मग चिरंजीवांचं डोकं दोन्हीकडून निरखून पाहिलं.

"कानातला कापूस काढलास का रे तू? मग झोपेल कसा!"