अंगठ्याखालची श्रेणी

परीक्षा जवळ आली की गणित शिकवणाऱ्या माणसाचा मोबाईल रात्री साडेदहानंतर जागा होतो. "सर, झोपलात का ओ? फक्त तिसरं, चौथं, पाचवं आणि सहावं बघा की. कन्व्हर्ज होतं का तेवढंच सांगा." खाली फोटो. फोटो काढणारा पलंगावर पालथा पडलेला आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कागदाच्या चारी बाजूंनी सोलापुरी चादर दिसत असते, आणि फ्लॅशमध्ये चादरीवरचा मोर जेवढा लख्ख उजळतो तेवढं गणित उजळत नाही. कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. डोक्यावर पंखा पाचवर, कारण एप्रिलातलं सोलापूर. कागद उडू नये म्हणून त्यावर अंगठा, आणि तो अंगठा बरोबर सिग्माच्या पायाशी, जिथे बेरीज n = 1 पासून की n = 2 पासून ते छापलेलं असतं.

श्रेणीच्या टर्म एकेक करून मिळवत गेलं आणि बेरीज एका ठराविक संख्येकडे गेली तर श्रेणी कन्व्हर्ज, नाहीतर डायव्हर्ज. "तेवढंच सांगा" या शब्दांत सगळी गोम आहे. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एखादं अक्षर पुसलं गेलं तर फारसं बिघडत नाही. अनंत श्रेणीत एक कंस पुसला की उत्तर कोलांटी मारतं. म्हणून टेस्ट कुठली लावायची हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की या कागदावर नक्की छापलंय काय?

तिसऱ्या गणितापासून सुरुवात करू. फोटोत वर (n!)² दिसतं आणि खाली 2n!. त्या 2n भोवती कंस आहे की तो चादरीचा धागा आहे, हे झूम करूनही कळत नाही. झूम केल्यावर फक्त धागा मोठा दिसतो. कंस असेल तर खाली (2n)! आहे आणि श्रेणीच्या पहिल्या तीन टर्म 1/2, 1/6, 1/20 अशा झपाट्याने लहान होतात. कंस नसेल तर खाली दोन गुणिले n! आहे, वरचा एक n! उडतो, उरतो n!/2, आणि टर्म होतात 1/2, 1, 3, मग 12, मग 60. ही श्रेणी कन्व्हर्ज होणं शक्यच नाही, कारण तिच्या टर्म शून्याकडे जायचं सोडून गच्चीकडे निघाल्यात.

मग खरं कुठलं? इथे गणित नाही, माणसाचा स्वभाव कामी येतो. पेपर काढणारा प्राध्यापक वर वर्ग करून लगेच खाली तेच उडवून टाकेल, इतका तो दयाळू नसतो. कंस आहे असंच धरायचं.

फॅक्टोरियल दिसला की रेशो टेस्ट. पुढची टर्म भागिले आधीची टर्म, आणि n अनंताकडे गेला की हा रेशो कुठे टेकतो ते पाहायचं. टर्म सगळ्या धन आहेत. एकाच्या आत टेकला तर कन्व्हर्ज, एकाच्या वर गेला तर डायव्हर्ज. पोरांना हे झोपेतही येतं. येत नाही ते n च्या जागी n+1 घालणं. (2n)! मध्ये n+1 घातला की आत 2(n+1) म्हणजे 2n+2 येतं. परंतु रात्री साडेदहाला निम्म्या वह्यांत तिथे (2n+1)! असतं. मग खाली एकच अवयव उरतो, रेशो (n+1)²/(2n+1) होतो, तो अनंताकडे धावत सुटतो आणि वहीत ठळक अक्षरांत 'डायव्हर्ज' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या जातात. दोन रेघा मारल्या की उत्तर बरोबर येतं, अशी एक श्रद्धा आहे.

बरोबर मांडणी अशी:

```
a(n+1)/a(n) = (n+1)^2 / [(2n+2)(2n+1)]
            = (n+1) / [2(2n+1)]
            → 1/4
```

एक चतुर्थांश एकापेक्षा लहान, श्रेणी कन्व्हर्ज. पण चूक झाली की नाही हे पकडायला मला विचारायची गरजच नाही. रेशोच्या सूत्रात n = 1 घालायचा. खऱ्या टर्ममधला रेशो 1/6 भागिले 1/2, म्हणजे 1/3. बरोबर सूत्र 2/6 देतं, म्हणजे तेच. चुकीचं सूत्र 4/3 देतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे अर्धं मिनिट वाचवून पोरं मला फोटो पाठवायला चार मिनिटं घालवतात, आणि त्यातली तीन नेट येण्यात जातात.

चौथं गणित म्हणजे तिसऱ्याचंच सख्खं भावंड: पुढे 4^n जोडलेला. फोटोत चार स्पष्ट आहे. त्याच्या डोक्यावरचा n मात्र असा दिसतो, की तिथे माशी बसली होती म्हणावं. ती खरंच माशी असेल तर सगळी श्रेणी चारपट झाली, एवढंच. ठराविक संख्येने गुणल्याने कन्व्हर्जन्सला काही होत नाही, उत्तर तिसऱ्याचंच. पण तो n असेल तर रेशोही चारपट होतो, एक चतुर्थांशाचा बरोबर एक होतो, आणि रेशो टेस्ट हात वर करते.

इथे विद्यार्थ्यांचे दोन तट पडतात. एक तट 'एक आला म्हणजे कन्व्हर्ज' असं लिहून मोकळा होतो. दुसरा 'टेस्ट फेल' लिहितो आणि कर्तव्य संपल्यासारखा पाणी प्यायला उठतो. पहिल्याला सांगायचं, 1/n आणि 1/n² या दोन्ही श्रेणींचा रेशो एकाकडेच जातो. त्यातली दुसरी कन्व्हर्ज होते आणि पहिली होत नाही. पहिली इतकी आळशी आहे की बेरीज 10 च्या वर न्यायला तिला १२,३६७ टर्म लागतात, पण थांबत कुठेच नाही. म्हणजे 'एक' हे उत्तर नव्हेच. दुसऱ्याला सांगायचं, बाबा, फेल टेस्ट झाली, तू नाहीस. खाली बस.

कारण त्याच कागदावर एक ओळ वर उत्तर पडलेलं असतं. लिमिट घ्यायच्या आधीचा रेशो बघा:

```
4(n+1)^2 / [(2n+2)(2n+1)] = (2n+2)/(2n+1)
```

वरचा अंक खालच्यापेक्षा कायम एकाने मोठा. लिमिट एक असलं तरी प्रत्यक्ष रेशो प्रत्येक n ला एकापेक्षा जास्तच आहे. म्हणजे प्रत्येक टर्म आधीच्या टर्मपेक्षा मोठी: 2, मग 8/3, मग 16/5. पहिलीच 2 असताना आणि पुढच्या सगळ्या तिच्याहून मोठ्या असताना टर्म शून्याकडे जाणार कशा? नाही जात, म्हणून डायव्हर्ज. लिमिट घ्यायची घाई केली की हातात आलेली ही माहिती आपणच फेकून देतो. मला विचाराल तर या अख्ख्या स्वाध्यायातलं हे सगळ्यात देखणं गणित, आणि त्याच्यावर माशी बसलेली.

पाचव्या गणितात वर √n आहे, खाली n² आणि एक, आणि त्या दोघांच्या मधोमध कागदाची घडी. घडीखाली अधिक आहे की उणे? इथेही रेशो लावणारे शूर असतात. अर्धं पान मुळं आणि वर्ग यांच्याशी झुंजून शेवटी ते एकावरच येऊन पडतात. n चे नुसते घात असले, म्हणजे फॅक्टोरियल नाही आणि घातात बसलेला n नाही, की रेशो एकच येणार. हे आधी ठाऊक असेल तर अर्धं पान वाचतं. इथे कम्पॅरिझन. खालचा एक मनातल्या मनात झाका: √n भागिले n² म्हणजे 1/n^(3/2). घात दीड, एकापेक्षा मोठा, ही श्रेणी कन्व्हर्ज होते. आपल्या श्रेणीची तुलना हिच्याशी.

घडीखाली अधिक असेल तर आनंद आहे. छेद मोठा झाला, टर्म 1/n^(3/2) पेक्षा लहान झाली, कन्व्हर्ज. उणे असेल तर छेद लहान होतो, टर्म मोठी होते, आणि कन्व्हर्ज होणाऱ्या श्रेणीपेक्षा मोठं असण्यातून काहीच सिद्ध होत नाही. पोरं तरीही तेच वाक्य चिकटवतात, फक्त 'पेक्षा लहान' चं चिन्ह जरा पुसट काढतात. तपासणाऱ्यालाही असाच फोटो दिसेल अशी आशा असावी. वास्तविक थोडी उदारता दाखवली की काम होतं: n दोन किंवा जास्त असेल तर n²−1 हे n² च्या निम्म्यापेक्षा मोठं असतं. n = 2 ला तीन आणि दोन, पुढे तर अंतर वाढतच जातं. मग टर्म 2/n^(3/2) च्या आत बसते आणि श्रेणी कन्व्हर्ज. ज्यांना असमानता जुळवायचा कंटाळा आहे त्यांनी लिमिट कम्पॅरिझन लावावी: दोन टर्मचा भागाकार n²/(n²−1), तो एकाकडे जातो, म्हणून दोघींचं नशीब एक. इथला एक मात्र चालतो, बरं का. इथे शून्य किंवा अनंत सोडून काहीही आलेलं चालतं. रेशो टेस्टमधला एक आणि हा एक यांची गल्लत झाली की पुढचा अर्धा तास गेला.

आणि घडीखालचं चिन्ह ओळखायचं कसं? उणे असेल तर n = 1 ला छेद शून्य होतो, म्हणून छापणाऱ्याला बेरीज n = 2 पासून सुरू करावीच लागते. म्हणजे सिग्माच्या पायाशी पाहिलं की झालं. तिथे अंगठा आहे.

सहावं गणित फोटोच्या उजव्या कडेवर अर्धं कापलेलं. दिसतं ते एवढंच: एक भागिले n, पुढे कंसात log n, आणि मग चादर. कंसावर बाहेर 2 चा घात आहे की नाही, हे त्या चादरीला माहीत. घात असेल तर श्रेणी कन्व्हर्ज, नसेल तर डायव्हर्ज. रेशो दोन्हीकडे एक. 1/n शी तुलना करावी तर n = 3 पासून पुढे दोन्ही टर्म त्याच्यापेक्षा लहान, म्हणजे डायव्हर्ज होणारीपेक्षा लहान, त्यातूनही काही निघत नाही. दीड किंवा दोन घाताच्या श्रेणीशी करावी तर n वाढला की दोन्ही तिच्यापेक्षा मोठ्या. इथे इंटिग्रल टेस्टच हवी, आणि तिला तो 2 दिसायला हवा. पाचव्यातली युक्तीही उपयोगाची नाही: log 1 शून्य, त्यामुळे दोन्ही श्रेणी n = 2 पासूनच सुरू होतात.

म्हणून सहाव्याला उत्तर एकच: "बाळा, कागद टेबलावर ठेव, पंखा बंद कर, अंगठा काढ आणि उजवी कड धरून नवा फोटो पाठव." पाच मिनिटांनी नवा फोटो येतो. या वेळी उजवी कड अगदी स्वच्छ आहे आणि डावीकडचा सिग्मा गायब.