गाडीचा एसी जानेवारीतच तपासावा

विदर्भात राहता आणि नवी गाडी घेताय? मग टेस्ट ड्राइव्ह जानेवारीतच उरकून टाका. सकाळी साडेदहाची वेळ उत्तम. अंगात स्वेटर असावा, म्हणजे एसीची परीक्षा अगदी चोख होते. मी तसंच केलं. शोरूमच्या गार हॉलमधून गाडी बाहेर आली, मी व्हेंटसमोर तळहात धरला, बोटं गारठली, "एक नंबर!" म्हणालो आणि बुकिंगचा चेक फाडला.

बसायचं मात्र पुढेच. मागच्या सीटवर बसून पाहणं हे गिऱ्हाइकाला शोभत नाही. घरच्यांनाही सोबत नेऊ नका. चार माणसं बसली की गाडीत चार माणसांची उष्णता येते, आणि बिचाऱ्या एसीची उगाच बदनामी होते.

थर्मामीटर तर नेऊच नका, सेल्समनला वाईट वाटतं.

आता मागच्या व्हेंट्सचं. ते फक्त मोजायचे. दोन आहेत? झालं. ब्रोशरमध्ये "रिअर एसी व्हेंट्स" अशी ओळ असते, तिच्यावर बोट ठेवून बायकोला दाखवायचं. "आई-बाबांची सोय झाली" हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे.

त्या सोयीचा अनुभव गेल्या महिन्यात आला. नवतपा चालू, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नागपूरला न्यायचं होतं. दुपारी एकला अकोल्याहून निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत आई मागे गप्प होती. मग म्हणाली, "हवा येऊन राह्यली ना बापू, पण टाकीतलं पाणी संपलेल्या कुलरसारखी." अमरावतीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूने वाहतूक. तिथे पंधरा मिनिटं उभं राहिलो आणि बाबांनी खिडकी खाली केली. एसी चालू असलेल्या गाडीत, बाहेर 45 अंश असताना, माणसाला खिडकी उघडाविशी वाटली! वर म्हणाले, "बाहेर बरं आहे."

परत आल्यावर माशांच्या टाकीत सोडतात तो वायरवाला छोटा थर्मामीटर आणला. भर दुपारी धावत्या गाडीत पुढच्या मधल्या व्हेंटमध्ये खुपसला, 11 अंश. मागच्या व्हेंटमध्ये 19. गाडी दहा मिनिटं जागेवर उभी ठेवली, तर पुढे 17 आणि मागे 24. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गॅसचं प्रेशर पाहिलं, फिल्टर झटकला आणि सांगितलं, "सर, सगळं नॉर्मल आहे." खरंच नॉर्मल होतं. बिघाड नव्हताच. गाडी अशीच होती, मला ती जानेवारीत कळली नाही इतकंच.

कारण ते दोन व्हेंट म्हणजे दुसरा एसी नव्हे. डॅशबोर्डामागे हवा गार करणारी एकच कॉइल, एकच ब्लोअर. तिथूनच एक प्लास्टिकची नळी दोन सीटांमधल्या कन्सोलखालून मागे जाते. पुढचे चारही व्हेंट उघडे असले की मागे उरलीसुरली हवा पोचते, आणि तीही तापलेल्या गाडीच्या पोटातून कोमट होत होत. शोरूमवाला काय करतो, तर पुढचे व्हेंट हळूच बंद करतो आणि म्हणतो, "मागे हात लावून बघा सर." मागे जोरात वारा! आपण खूश. काही गाड्यांत मागे छोटा पंखा असतो, तो तर गाडीतलीच हवा ओढून पुन्हा तोंडावर फेकतो. ओळखायला सोपं आहे: व्हेंटच्या तोंडाशी आणि शेजारच्या हवेत सारखंच तापमान दिसलं, तर तो नुसता पंखा. मागे स्वतःची कॉइल असलेला खरा दुसरा एसी काही सात-आठ आसनी गाड्यांत असतो, त्याची हवा बहुधा छतातून येते. बाकी बहुतेकांत नळी. नळी वाईट नसते. काही गाड्यांत ती रुंद असते आणि झकास काम करते. मागे व्हेंटच नसलेली एखादी छोटी गाडीही पुढचे मधले व्हेंट छताकडे वळवले की मागे छान गार होते. पण हे मोजून कळतं, मागे बसून कळतं. ब्रोशर वाचून नाही! आणि ज्या गाडीत फिरवून आणतात ती टॉप मॉडेल असते. आपण घेतो ते मधलं. त्यात ती नळीसुद्धा असेलच असं नाही, हे विचारायचं कुणाला सुचतं?

हां, मी उपरोधाने लिहीत होतो. तर पुढचा सल्ला: मोकळ्या रस्त्यावर तीन किलोमीटर फिरून या, सिग्नल टाळा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन मंद झालं की तोही मंदावतो. शिवाय जाळीमागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला धावताना मिळणारा वारा थांबल्यावर मिळत नाही, पंख्याला पुढच्या ट्रकचा धूर आणि डांबराची धग ओढावी लागते. म्हणजे उभ्या गाडीत एसीचं पितळ उघडं पडतं. म्हणून उभं राहायचंच नाही.

गाडी आधी उन्हात ठेवायला सांगणं हा तर शुद्ध उद्धटपणा.

छे, पुरे झाली थट्टा. अहो, आपण कुलर घेताना काय करतो? दुकानात पंप चालू करायला लावतो. पाणी तिन्ही ताट्यांवर सारखं उतरतंय का, हे वाकून बघतो. माठ टिचकी मारल्याशिवाय घेत नाही. आणि बारा-चौदा लाखांच्या गाडीला पाच मिनिटं तळहात दाखवून येतो? त्या पाच मिनिटांत हवा गार होते. सीट, डॅशबोर्ड, छताचा पत्रा यांत साठलेली धग उपसायला एसीला वेळ लागतो, आणि तोच वेळ मोजायचा असतो. हॉलमध्ये उभ्या गाडीत ती धग नसतेच, मग तुम्ही तपासलंत काय?

मे महिन्यात, दुपारी दोनला जा. घेणार असाल तेच मॉडेल मागा. काचा बंद करून तासभर उन्हात उभं करायला लावा, तास नाही तर निदान अर्धा तास. चौघं जा, सगळ्यात थोराड माणसाला मागे बसवा आणि तुम्हीही मागेच बसा. निघताना मिनिटभर काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग बंद करा, आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, आणि पुढचे सगळे व्हेंट उघडे ठेवून मागच्या व्हेंटमध्ये थर्मामीटरचा आकडा बघा. चेहऱ्यावरचा घाम वाळायला किती मिनिटं लागली, तेही घड्याळात बघा. परत आल्यावर गाडी बंद करू देऊ नका. तिथेच उन्हात, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं बसून राहा. आकडा दोन-तीन अंश चढला तर चालेल. माझ्यासारखा पाच-सहा चढला, तर चेकबुक खिशातच ठेवा.

"सर, एवढा वेळ टेस्ट ड्राइव्ह देत नाही" म्हणाले, तर उठा आणि दुसऱ्या शोरूममध्ये जा. लाज कसली वाटते? मला वाटली होती. पैसे देणारा मीच होतो, आणि थर्मामीटर काढायची लाजही मलाच वाटली. आता नागपूरच्या पुढच्या तपासणीला बाबा एसटीने जाऊ म्हणतात.