यंत्राकडून लिहून घेऊनही निष्कलंक राहण्याचे उपाय

प्रिय कनिष्ठ मित्रा,

"ताई, ए.आय. वापरूनही कारवाई होऊ नये म्हणून काय करावे? एखादे ‘सेफ टूल’ आहे का?" असा तुझा प्रश्न मिळाला. तू योग्य व्यक्तीला विचारलेस. गेल्याच आठवड्यात मी शिस्तपालन समितीसमोर बसून आले आहे, त्यामुळे या विषयातला माझा अधिकार आता कोणी नाकारू शकणार नाही.

पहिला उपाय असा की, इंग्रजी शुद्ध लिहू नकोस. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या मराठी शाळेत बाईंनी कर्ता, कर्म, क्रियापद घोटून घेतले असेल, तर ते सर्व प्रवेशाच्या वेळी फाटकाबाहेर ठेवून ये. तपासणारे सॉफ्टवेअर तुझ्या मनात डोकावत नाही. एका शब्दानंतर पुढचा कोणता शब्द येईल याचा अंदाज त्याला सहज बांधता आला आणि वाक्ये साधारण एकाच लांबीची व एकाच धाटणीची निघाली, की ते लेखनाला यंत्रनिर्मित ठरवते. परकी भाषा पुस्तकातून शिकलेला माणूस नेमका असाच लिहितो, कारण त्याच्याजवळ मोजके शब्द आणि भरवशाची वाक्यरचना असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 साली टोफेल या परभाषकांच्या इंग्रजी परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध अशा सात सॉफ्टवेअरांना दिले. ते माणसांनीच लिहिलेले होते, तरी सरासरी 61 टक्के निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. तेव्हा अधूनमधून एखादे क्रियापद चुकव आणि एखादे वाक्य अर्धवट सोडून दे, म्हणजे तू माणूस असल्याबद्दल कोणाला शंका राहणार नाही.

दुसरा उपाय: कोणत्या विषयात यंत्र किती वापरलेले चालते, हे प्राध्यापकांना आधी कधीही विचारू नकोस, कारण त्यांनी लेखी उत्तर दिले तर नंतर समितीपुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

तिसरा उपाय गटप्रकल्पाचा आहे आणि तो मला सविस्तर सांगितलाच पाहिजे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा समा भागातल्या सोसायट्यांमध्ये पाणी किती चढले याचा अहवाल आमच्या गटाने केला. मोजमापाचे प्रकरण माझ्याकडे होते. भिंतीवरच्या गाळाची रेघ जोत्यापासून किती उंच आहे, हे मी मोजपट्टीने मोजले, वहीत लिहिले, प्रत्येक रेघेचे छायाचित्र घेतले आणि मग प्रयोगवहीत शिकवतात त्या कर्मणी इंग्रजीत सगळे मांडले. ‘उंची मोजण्यात आली’, ‘नोंद घेण्यात आली’, ‘तुलना करण्यात आली’, अशी ओळीने शिस्तीत उभी असलेली वाक्ये होती. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण आमच्या एका मित्राकडे होते. त्याने ते यंत्राकडून लिहून घेतले आणि पकडले जाऊ नये म्हणून लेखन ‘मानवी’ करून देणाऱ्या दुसऱ्या यंत्रातून काढले. तुला जे ‘सेफ टूल’ हवे आहे ते हेच.

सॉफ्टवेअरचा निकाल आला: अहवालाचा 64 टक्के भाग यंत्राने लिहिलेला. माझे प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रंगवलेले होते आणि मित्राचे प्रकरण पांढरेशुभ्र! ‘मानवी’ करणारे यंत्र सरळ शब्द काढून तिथे अनपेक्षित शब्द बसवते आणि अनपेक्षित शब्द दिसले की तपासणारे यंत्र निवांत होते. त्या प्रकरणात ‘रिव्हर बेड’च्या जागी ‘स्ट्रीम मॅट्रेस’ छापले होते. नदीची गादी! स्थापत्य अभियांत्रिकीच्या अहवालात नदीची गादी आली आणि ती यंत्राला खटकली नाही. गाइडनाही खटकली नाही, कारण त्यांनी अहवाल उघडलाच नव्हता, फक्त आकडा पाहिला होता.

समितीत जे झाले ते तर तू जपून ठेवण्यासारखे आहे. एका सदस्यांनी 64 हा आकडा पाहिला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत 60 टक्क्यांच्या वर सर्वांत कडक शिक्षा आहे, असे गंभीरपणे सांगितले. नियमावली आहे आणि तिच्यात 10, 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्याही आहेत, परंतु त्या पायऱ्या साम्याच्या आहेत. म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्याच्या छापील लेखनाशी शब्दशः जुळतो, त्याच्या आहेत. त्या आकड्यामागे पुरावा असतो, कारण डावीकडे तुमचे वाक्य आणि उजवीकडे मूळ वाक्य ठेवून दोन्ही डोळ्यांनी पाहता येतात. यंत्रनिर्मितीचा आकडा हा निव्वळ अंदाज असतो, त्याच्या उजवीकडे ठेवायला काहीच नसते. आमच्या अहवालाचे साम्य 10 टक्क्यांच्या आत होते. दोन वेगळ्या अहवालांतले दोन वेगळे आकडे, पण दोन्हींपुढे टक्क्याचे चिन्ह आहे म्हणून एकाची शिक्षा दुसऱ्याला लावायची, हे म्हणजे तापमापकावर वजन वाचण्यासारखे आहे. असे तपासणारे सॉफ्टवेअर बनवणारी टर्निटिन ही कंपनी स्वतःच 1 ते 19 टक्क्यांमधला यंत्रनिर्मितीचा आकडा न दाखवता तिथे नुसती चांदणी दाखवते, कारण त्या पट्ट्यात चुकीचा ठपका बसण्याची शक्यता अधिक असते. ओपन एआयने स्वतःचे ओळखयंत्र जुलै 2023 मध्ये कमी अचूकतेचे कारण देऊन बंद केले. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिशोब मांडला की, आपल्याकडे वर्षाला 75,000 निबंध येतात, म्हणजे एक टक्का चूक धरली तरी सुमारे 750 निबंधांवर चुकीचा ठपका बसेल, आणि ही सुविधाच बंद केली. आमच्या समितीत मात्र एका सदस्यांनी माझा परिच्छेद मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये टाकला आणि "हे तू लिहिलेस का?" असे त्यालाच विचारले. तो "होय" म्हणाला. त्याला ते ठाऊक असणे शक्यच नसते, त्याच्यापुढे पूर्वपंतप्रधानांचे भाषण टाकले तरी तो ते स्वतःच्या नावावर घेऊ शकतो. परंतु साक्ष नोंदवली गेली.

त्या समितीतून मी सुटले ती कोणत्याही युक्तीने नव्हे. गुगल डॉक्समध्ये File मधून Version history आणि तिथून See version history उघडले, की लेखन कोणत्या दिवशी किती वाढले, कोणते वाक्य खोडले आणि कोणती आकडेवारी नंतर दुरुस्त झाली, ते सर्व तारीखवार दिसते. माझे प्रकरण अनेक संध्याकाळी हळूहळू वाढलेले दिसले. एका ठिकाणी मी उंची सेंटिमीटरऐवजी इंचांत लिहून पुढच्या दिवशी बदलली होती, तो बदलही दिसला आणि वहीतल्या नोंदीशी जुळला. मित्राचे संपूर्ण प्रकरण एका मिनिटात अवतरले होते. त्यानंतर कोणीतरी प्रथमच त्याची संदर्भसूची वाचली.

चौथा उपाय म्हणून संदर्भ न उघडताच देत जा, असे मी लिहिणार होते; पण आता हा उपरोध मला पेलवेनासा झाला आहे, म्हणून सरळच सांगते. त्या सूचीतले तीन लेख अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरे होते, खंड खरा होता, शीर्षक तर इतके चपखल होते की असा लेख कोणीतरी लिहायलाच हवा होता. फक्त त्या अंकाची अनुक्रमणिका उघडल्यावर त्या पृष्ठांवर दुसराच लेख निघाला. हे तपासायला प्रत्येक संदर्भामागे काही मिनिटे लागतात: डीओआय म्हणजे लेखाला दिलेला, 10 ने सुरू होणारा ओळखक्रमांक `https://doi.org/` च्या पुढे चिकटवायचा, उघडणाऱ्या पानावरचे शीर्षक आणि लेखक जुळवायचे आणि क्रमांक नसेल तर अंकाची अनुक्रमणिका पाहायची. न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी एवढेही केले नाही आणि चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात सादर केले. जून 2023 मध्ये त्यांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून 5,000 डॉलर दंड झाला. खोट्या संदर्भाला टक्केवारी लागत नाही, तो एकदा सापडला की पुरावा तुमच्या सहीखालीच असतो.

तुला कारवाईची भीती वाटते ना? मग पळवाटा शोधणे बंद कर. विषय समजावून घ्यायला, न कळलेले समीकरण विचारायला, स्वतः लिहिलेल्या मसुद्यातल्या चुका शोधायला यंत्र वापर, पण आधी संबंधित प्राध्यापकांना ई-मेल करून लेखी उत्तर घे, कारण एकाच मजल्यावरच्या दोन सरांचे नियम वेगळे असतात आणि "सर वर्गात बोलले होते" हे समिती ऐकत नाही. अहवालाच्या शेवटी कोणते साधन, कोणत्या तारखेला, कोणत्या भागासाठी आणि कशासाठी वापरले, हे चार ओळींत लिही आणि तो संवाद जतन करून ठेव. पहिल्या कच्च्या ओळीपासून एकाच फाइलमध्ये लिही, दुसरीकडे लिहून शेवटी एकदम चिकटवू नकोस. नाहीतर प्रामाणिकपणे केलेले कामही एका मिनिटात अवतरलेले दिसते. गटात असशील तर इतरांची प्रकरणे सही करण्यापूर्वी वाच. ‘माझे प्रकरण तर नीट आहे’ हे उत्तर सहीखाली चालत नाही. आणि ते ‘मानवी’ करणारे यंत्र वापरू नकोस. जो विद्यार्थी मदत घेतो तो ती सांगू शकतो, पण जो ती लपवण्यासाठी दुसरे यंत्र वापरतो त्याने हेतूच सिद्ध करून दिलेला असतो. मग "मला नियम ठाऊक नव्हता" असे म्हणायची सोय उरत नाही.

आणि आमच्या विभागातल्या ज्येष्ठांनो, हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणारच आहे म्हणून लिहिते. सत्र सुरू होताना एक पानाचा नियम लावता आला नाही, अहवाल वाचता आला नाही, मोजमाप कसे केलेस हे मला पाच मिनिटे विचारता आले नाही. पण आकडा मात्र वाचता आला. भिंतीतली ओल गाळाच्या रेघेच्याही वर का चढते, हे मला विचारले असते तर मी लिहिले की नाही ते तिथल्या तिथे कळले असते. मित्राला नदीच्या गादीबद्दल विचारले असते तर त्याचेही कळले असते. त्याला सगळा अहवाल पुन्हा करायला सांगितला आहे आणि गट एकच असल्याने तो आम्हा सर्वांनाच पुन्हा करायचा आहे.

तू प्रश्नासोबत तुझा कच्चा अहवालही पाठवला आहेस, सोमवारी द्यायचा आहे म्हणून. तुझा तिसरा संदर्भ अजवा तलावातल्या गाळावरचा आहे. मी त्याचा डीओआय उघडून पाहिला, तिथे दातांच्या किडीवरचा लेख आहे.