सोडा टाकला म्हणून बादली चिकटत नाही

"फेविक्विकवर खायचा सोडा टाका, दगडासारखं घट्ट होतं. बादली, चप्पल, कपाचा कान, काहीही कायमचं चिकटतं. कडेने पांढरं झालं की समजा पक्कं बसलं."

दगडासारखं होतं, हे खरं. हा ग्लू वाळत नाही. पृष्ठभागावरच्या किंचित ओलाव्याने त्याचे रेणू साखळीसारखे जोडले जातात. सोडा आम्लारीधर्मी असल्याने तेच काम क्षणात होतं आणि ग्लू चांगलाच तापतो. पण इतक्या घाईत तो पृष्ठभागावर पसरायच्या आतच गोठतो. म्हणून सोडा सांध्याच्या आत नको. बाहेरून टवका भरायला तो उत्तम, भरल्यावर कानसही मारता येते.

आता बादली. तिच्या तळाशी त्रिकोणात ५ किंवा २ आकडा असतो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन. या प्लास्टिकवर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होऊन बसतो, ग्लूचंही तेच. तडा जोडून ग्लू घट्ट होऊ द्या आणि कडेला नख घाला: पापुद्रा अख्खा सुटून येतो आणि खालचं प्लास्टिक जसंच्या तसं गुळगुळीत. म्हणजे ग्लू तुटला नाही, तो चिकटलाच नव्हता. वर सोड्याचा डोंगर रचला तरी तळाशी पकड शून्य. यासाठी वेगळा प्रायमर मिळतो; तो नसेल तर तारेने शिवलेली बादली जास्त टिकते. टेफ्लॉन आणि सिलिकॉनचंही असंच.

चपलेचं रबर मात्र तो झकास धरतो. अडचण वाकण्याची आहे. घट्ट झालेला थर काचेसारखा असतो: सरळ ताण सोसतो, पण सोलून काढणारा जोर आणि आपटणं सोसत नाही. पावलागणिक सोल दुमडतो आणि थर तडकतो. तिथे लवचिक राहणारं रबर सोल्युशनच हवं. थर जाड तितका ठिसूळ, म्हणून एक थेंब पुरतो.

कपाचा कान बरोब्बर बसतो, कारण तुटलेल्या कडा एकमेकींत चपखल जातात. पण साधा ग्लू साधारण ८० अंशांपुढे ढिला पडतो आणि रोजच्या धुण्याने पकड खचते. पेन ठेवायला तो कप चालेल, उकळत्या चहाला नाही.

आणि तो पांढरेपणा? न जुळलेल्या ग्लूची वाफ उडते, हवेतल्या दमटपणाने गोठते आणि भुकटी होऊन आजूबाजूला बसते. जास्त ग्लू, बंद खोली, पावसाळी हवा, की हे हमखास होतं. मजबुतीशी त्याचा काही संबंध नाही. कमी ग्लू लावा आणि हळू पंखा सोडा. आलेली भुकटी नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने पुसली जाते, मात्र चष्म्याच्या फ्रेमवर किंवा ॲक्रिलिकवर तो लावू नका, प्लास्टिकच विरघळेल.