"ड्राइव्हला व्हर्जन हिस्टरी आहे, मग डॉक्युमेंट कंट्रोल पेज कशाला?"

ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "गूगल ड्राइव्ह व्हर्जन हिस्टरी आपोआप ठेवतं, कंट्रोल पेज फक्त ऑडिटरसाठी. २०१५ च्या आयएसओने तर प्रोसिजरची सक्तीच काढली. ठेवायचंच असेल तर अप्रूव्हर जास्तीत जास्त घ्या आणि दरवर्षी रिव्हिजन नंबर वाढवा."

कंट्रोल पेज म्हणजे डॉक्युमेंटचा नंबर, रिव्हिजन, काय बदललं आणि कुणी मंजूर केलं हे लिहिलेलं पान. ड्राइव्हपासून सुरू करू. तिथली हिस्टरी सांगते की कुणी कधी फाइल सेव्ह केली, पण त्यातली कोणती सेव्ह मंजूर होती आणि कोणती अर्धवट, ते ती सांगत नाही. वर्ड-एक्सेल किंवा पीडीएफ टाकून ठेवली असेल तर जुनी व्हर्जन्स ३० दिवसांनी किंवा १०० व्हर्जन्स झाल्यावर उडू शकतात, कायम ठेवा असं मुद्दाम सांगितलं नसेल तर. आणि ऑडिटर दोन वर्षांपूर्वीचं विचारतो.

उदाहरण घ्या, असेंब्लीची वर्क इन्स्ट्रक्शन, नंबर WI-ASM-014. कस्टमरचं ड्रॉइंग बदललं आणि बोल्टचा टॉर्क २२ वरून २५ न्यूटन मीटर झाला. आता कंट्रोल पेजवरच्या हिस्टरीच्या टेबलमध्ये ओळ हवी ती अशी: रेव्ह ०४, कलम ५.२ मध्ये टॉर्क २२ ऐवजी २५, कारण कस्टमर ड्रॉइंगमधला बदल, चेंज रिक्वेस्टचा नंबर, मंजुरी ३ जून, लागू १० जून. लोक मात्र "जनरल अपडेट" लिहून मोकळे होतात, आणि मग सहा महिन्यांनी काय बदललं ते शोधायला दोन फायली शेजारीशेजारी उघडून बसतात.

त्यातल्या दोन तारखा बघा. मंजुरी आणि लागू ह्यात जे सात दिवस आहेत त्यात टॉर्क रेंच पुन्हा सेट करायचे, तिन्ही शिफ्टच्या पोरांना सांगायचं, लाइनवरच्या जुन्या प्रती उचलायच्या. पुढे कम्प्लेंट आली की ६ जूनचा पार्ट २२ ला आवळलाय, तर लागू तारीख लिहिलेली असेल तरच म्हणता येतं की त्या दिवशी रेव्ह ०३ चालू होती आणि माणसाने लिहिल्याप्रमाणेच केलं. (त्या पार्टचं पुढे काय करायचं तो वेगळा प्रश्न, पण निदान ऑपरेटरवर खापर फुटत नाही.) नुसती सेव्हची वेळ बघून हे कळणारच नाही.

आयएसओचं अर्धं बरोबर आहे. ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल आणि लेखी प्रोसिजर्सची सक्ती गेली हे खरंय, पण कलम ७.५.२ मध्ये डॉक्युमेंटची ओळख, तपासणी आणि मंजुरी मागितलीच आहे आणि ७.५.३ मध्ये बदलांवर नियंत्रण. पहिल्या पानावर टेबलच हवं असं ते म्हणत नाही, म्हणजे शेअरपॉइंटमध्ये मंजुरीचा वर्कफ्लो नीट लावला असेल आणि हीच माहिती तिथून मिळत असेल तर हाताने पान भरायची गरज नाही.

अप्रूव्हरचा सल्ला मात्र सगळ्यात महागात पडतो. सहा सह्या लावल्या की प्रत्येकाला वाटतं पुढचा वाचेल, फाइल तीन आठवडे इनबॉक्समध्ये लटकते आणि तोवर सुपरवायझर जुन्या प्रतीवर पेनाने २५ लिहून काम चालू करतो. पेनाने खाडाखोड केलेली प्रत लाइनवर दिसली की समजायचं, मंजुरी अडकतीय. माझ्या मते बनवणारा प्रोसेस इंजिनिअर, तपासणारे प्रॉडक्शन आणि क्वालिटी, मंजूर करणारा एकच, आणि बनवणारा तोच मंजूर करणारा नको. नियमात हुद्दा लिहा, हिस्टरीत मात्र सही करणाऱ्याचं नाव आणि तारीख. तो रजेवर असेल तर कोण, हेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर दिवाळीत सगळं ठप्प.

दरवर्षी नंबर वाढवणं म्हणजे उगाच उपद्व्याप, कारण रेव्ह वाढली की प्रती बदला, ट्रेनिंग घ्या, सह्या घ्या, आणि आत बदल काहीच नाही. वर्षाने वाचून ठीक वाटलं तर "शेवटचा आढावा" ह्या वेगळ्या रकान्यात तारीख टाका, रेव्ह आहे तीच. मोठा बदल कुठला ते ठरवायला मी साधा नियम लावतो: आकडा, मर्यादा, क्रम किंवा हाताने करायचं काम बदलत असेल तर रेव्ह ०५, बाकी स्पेलिंग वगैरे असेल तर ४.१ आणि ट्रेनिंग नाही. पण २५ च्या जागी २.५ छापलं गेलं असेल तर टायपो म्हणून ते ४.१ मध्ये ढकलू नका, आकडा बदलतोय म्हणजे रेव्ह ०५ च, आणि २.५ वाली प्रत त्याच दिवशी लाइनवरून उचला.