प्रसंग वाचू नका, शब्द हेरा

संविधानाच्या पेपरात प्रसंग देऊन ‘हक्क की मार्गदर्शक तत्त्व, कलमासह सांगा’ असं विचारलं, की प्रसंग पूर्ण वाचत बसू नका. एक ठसठशीत शब्द हेरायचा आणि त्याला कलम चिकटवायचं. ‘शाळा’ दिसली की 21क, ‘पंचायत’ दिसली की 40, ‘दारू’ दिसली की 47. डोकं ताजंतवानं राहतं.

आता हा प्रसंग घ्या: ‘ठेकेदाराने बांधकाम मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली. मजूर स्वतःहून कामावर आले होते.’ तुम्हाला ‘मजुरी’ सापडली ना? मग लिहा कलम 43, निर्वाह वेतन, मार्गदर्शक तत्त्व. पुढचं वाक्य परीक्षकाने उगाच पान भरायला टाकलेलं असतं.

शेजारचा शहाणा मात्र कलम 23, वेठबिगारीला मनाई, म्हणजे मूलभूत हक्क, असं लिहीत असेल. हसा त्याला. साखळदंड नाहीत, चाबूक नाही, तर वेठ कसली? तो 1982 चा निकाल काढेल. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजुरांचं रोजचं किमान वेतन 9 रुपये 25 पैसे, आणि त्यातला एक रुपया जमादार कमिशन म्हणून कापून घ्यायचे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोटाची मजबुरी हीसुद्धा सक्तीच. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेतलं तर तीही वेठच. म्हणजे ‘स्वतःहून’ हा शब्द परीक्षकाने मुद्दाम पेरलेला निघाला. असल्या खोडसाळपणाकडे लक्ष देऊ नये.

तरीही तुमच्याकडे हुकमी एक्का आहेच: ‘मूलभूत हक्क फक्त राज्याविरुद्ध असतात, ठेकेदार तर खासगी माणूस.’ हे पाठ आहे, तेव्हा ठणकावून लिहा. कलम 23 खासगी माणसालाही बांधतं, तसंच 17 आणि 24 सुद्धा, हे त्याच निकालात आहे. पण निकाल वाचायला वेळ कोणाकडे आहे?

त्याच बांधकामावर तेरा वर्षांचा पोरगा विटा वाहत असेल, तर वय बघून 21क ठोका. 24 म्हणजे चौदाच्या आतल्या मुलांना कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामाला लावायला बंदी. पण प्रसंगात कारखाना कुठेय? बांधकाम हे धोक्याचं काम, हेही त्याच निकालाने सांगितलं, म्हणजे पुन्हा तेच वाचन आलं.

आणि चार वर्षांच्या पोराच्या संगोपनाचा प्रसंग आला तर? कलम 45 हेच उत्तर. पण दादाच्या जुन्या नोट्समध्ये 45 समोर ‘चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण’ असेल, आणि चार वर्षांचं पोर शाळेत नाही, म्हणून तुम्ही ते खोडाल. 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने 45 सहा वर्षांखालच्या मुलांकडे वळवलं, हे दादाला कोणी कळवलंच नव्हतं.