झोप बिघडली की टेस्टोस्टेरॉनच आटते का?

“पाच तासच झोपता? रोज घोरता? नाइट शिफ्ट करता? मग तुमचे टेस्टोस्टेरॉन दहा वर्षांनी म्हातारे झालेच म्हणून समजा. कामेच्छा कमी होण्याचे खरे कारण हेच. सकाळी रक्त तपासा, कमी निघाले तर इंजेक्शन घ्या किंवा घोरण्याचे मशीन लावा, हॉर्मोन आपोआप भरून येईल. घरातल्या सगळ्या पुरुषांना पाठवा.”

या फिरत्या निरोपातली दहा वर्षांची गोष्ट हवेतून आलेली नाही. शिकागो विद्यापीठात झालेला एक छोटा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले आणि त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरले. वय वाढते तसे हे हॉर्मोन वर्षाला साधारण एक-दोन टक्क्यांनी उतरते, म्हणून संशोधकांनी या घसरणीची तुलना काही वर्षांच्या वयोमानाशी केली. ही तुलना आकड्यापुरती आहे. एका आठवड्यात वृषणे दहा वर्षांनी म्हातारी झाली, असा तिचा अर्थ नाही. शिवाय सरासरी साधारण ५३० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरवरून ४७५ च्या आसपास आली होती, आणि हे दोन्ही आकडे निरोगी पुरुषाच्या मर्यादेत आरामात बसतात. असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा रात्रभर मुळीच न झोपल्याचा परिणाम स्पष्ट दिसला, पण काही रात्री थोडी कमी झोप झाल्याचा परिणाम ठामपणे दिसला नाही. तेव्हा घट होते, पण तेवढ्यावरून कोणाची कामेच्छा विझेल असे म्हणण्याला आधार नाही.

नाइट शिफ्टचा मुद्दा अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण इथे तपासणीच बहुधा चुकते. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असते हे सर्वांनी ऐकलेले असते, पण ते का, हे फारसे कोणी सांगत नाही. ही वाढ घड्याळापेक्षा झोपेला बांधलेली आहे. झोप लागल्यावर पातळी चढू लागते, सलग तीनेक तास नीट झोप झाल्यावर ती बऱ्यापैकी वर पोहोचते, आणि जाग आल्यापासून दिवसभर हळूहळू उतरत जाते. स्वीडिश संशोधकांनी २००५ मध्ये काही पुरुषांना रात्री जागे ठेवून दिवसा झोपवले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन दिवसाच्या झोपेतही चढले आणि जागेपणी उतरले. घड्याळाचा स्वतंत्र प्रभाव किरकोळ निघाला. म्हणजे रात्री काम करणाऱ्याचे हॉर्मोन बनणे बंद होत नाही, ते झोपेबरोबर दिवसाकडे सरकते. खरा तोटा होतो तो दिवसाची झोप तुटक आणि तोकडी राहते म्हणून. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पुरुषांच्या पाहण्यांतही कमी टेस्टोस्टेरॉन आणि लैंगिक तक्रारी ज्यांची झोप शिफ्टमुळे खरोखर मोडली आहे अशांमध्ये जास्त आढळतात.

आता “सकाळी रक्त तपासा” हा सल्ला अशा माणसाला लावून पाहा. पुढचा रुग्ण कल्पित आहे, पण दवाखान्यात अशी माणसे नेहमी दिसतात. वय ४३, उंची १७० सेंटीमीटर, वजन १०४ किलो. ड्यूटी रात्री दहा ते सकाळी सहा, झोप सकाळी आठ ते दुपारी एक. ड्यूटी संपवून घरी जाताना सात वाजता तो लॅबमध्ये रक्त देतो आणि एकूण टेस्टोस्टेरॉन २३६ येते. नमुन्याच्या बाटलीवर सकाळची वेळ आहे, पण या माणसाला जागे होऊन अठरा तास झाले आहेत. दिवसा काम करणाऱ्याने आदल्या दिवशी सकाळी सहाला उठून मध्यरात्री रक्त द्यावे, तसा हा नमुना आहे. त्यावरून इंजेक्शन सुरू करणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली जुगारच.

नियम असा आहे की टेस्टोस्टेरॉन कमी आहे असे म्हणण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या दिवशी, उपाशीपोटी, झोपेतून उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत घेतलेले नमुने लागतात. रात्रपाळीवाल्याने सलग दोन-तीन सुट्ट्यांत रात्री झोपून मग सकाळी रक्त द्यावे, किंवा ते जमत नसेल तर मुख्य झोपेतून उठल्याबरोबर द्यावे आणि झोपेची वेळ कागदावर लिहून द्यावी. आपल्या रुग्णाने सुट्टीच्या तिसऱ्या सकाळी रक्त दिले. आकडा ३१८ आला, म्हणजे अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने धरलेल्या ३०० च्या रेषेच्या किंचित वर.

तरी ३१८ हा काही भरघोस आकडा नव्हे, आणि इथेच घोरण्याचा मुद्दा येतो. या माणसाच्या पत्नीने सांगितले की तो घोरता घोरता मध्येच थांबतो, काही क्षण श्वासच ऐकू येत नाही, मग एकदम धापेसह श्वास सुरू होतो. झोपेच्या तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडल्याची नोंद झाली. ३० च्या पुढे गेले की तो तीव्र स्लीप ॲप्निया मानतात. अशा रुग्णांत टेस्टोस्टेरॉन बहुधा कमी असते हे खरे आहे, पण स्लीप ॲप्निया आणि वाढलेले पोट ही जोडी सोबतच वावरते आणि हॉर्मोन खाली ओढण्याचे बरेचसे काम वजनच करते. त्यातही एक खोच आहे. स्थूल माणसात टेस्टोस्टेरॉनला रक्तातून वाहून नेणारे एसएचबीजी हे प्रथिन कमी होते. त्यामुळे एकूण आकडा पडलेला दिसतो, पण पेशींना प्रत्यक्ष उपलब्ध असलेला मुक्त भाग पुष्कळदा ठीक असतो. आपल्या रुग्णाचेही तसेच निघाले: एसएचबीजी कमी, मुक्त टेस्टोस्टेरॉन सामान्य, मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारी एलएच आणि प्रोलॅक्टिन ही हॉर्मोनेही सामान्य.

त्याला सीपॅप लावले. हे यंत्र मुखवट्यातून हवेचा सतत दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवते, बाकी काही करत नाही. तीन महिने तो रोज साधारण साडेचार तास ते वापरत राहिला. काम करताना येणारी पेंग गेली, चिडचिड कमी झाली, इच्छा परत आली आणि ताठरताही सुधारली. टेस्टोस्टेरॉन? ३२५. म्हणजे होते तिथेच.

हा निकाल अपवादात्मक नाही. सीपॅपच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण एकापेक्षा जास्त वेळा झाले आहे आणि या यंत्राने टेस्टोस्टेरॉन लक्षणीय वाढते असे त्यांत दिसलेले नाही. याउलट लैंगिक बाजू सुधारलेली दिसते, विशेषतः जे मुखवटा रात्री चार तासांहून जास्त लावतात त्यांच्यात. हॉर्मोन जागचे न हलता इच्छा परतते, याचा अर्थ ती हरवण्याचा रस्ताही मुख्यतः हॉर्मोनमधून जात नव्हता. श्वास अडला की प्रत्येक वेळी मेंदू अर्धवट जागा होतो, तासाला तीस-चाळीस वेळा. दुसऱ्या दिवशी अशा माणसाला हवी असते ती झोप, बाकी कशाची हौस उरत नाही. रक्तातला ऑक्सिजन वारंवार घसरल्याने रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड पुरेसे सोडत नाही, आणि ताठरतेची सुरुवातच त्या वायूपासून होते. त्यात उदासी, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे परिणाम, आणि घोरण्याला कंटाळून दुसऱ्या खोलीत झोपायला गेलेला जोडीदार. या शेवटच्या कारणाची नोंद कोणत्याही लॅबच्या अहवालात येत नाही, पण ते क्षुल्लक नाही.

निरोप पुरुषांनाच पाठवायला सांगतो, स्त्रियांबद्दल त्यात चकार शब्द नाही. तरुण विद्यार्थिनींच्या एका अमेरिकी अभ्यासात १७१ जणींनी रोजची झोप आणि लैंगिक अनुभव नोंदवले. ज्या रात्री झोप नेहमीपेक्षा जास्त झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी इच्छा अधिक होती, आणि झोपेच्या दर वाढीव तासामागे जोडीदाराशी संबंध येण्याची शक्यता १४ टक्क्यांनी जास्त दिसली. एका रात्रीच्या फरकाने दुसऱ्याच दिवशी होणारा हा बदल टेस्टोस्टेरॉनच्या साठ्याने समजावून सांगणे कठीण आहे. विश्रांती मिळालेल्या मेंदूने तो सहज समजतो.

राहिला इंजेक्शनचा मुद्दा, आणि निरोपातला सर्वांत घातक भाग हाच आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदू वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोने सोडणे आवरते घेतो, वृषणे आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती कधी कधी जवळजवळ थांबते; मूल हवे असलेल्या तरुणाला ही गोष्ट इंजेक्शन घेण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे. लाल पेशी वाढून रक्त दाट होते, म्हणून रक्तातला लाल पेशींचा वाटा सांगणारे हेमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले तर उपचार थांबवावे लागतात. ज्याचा ऑक्सिजन आधीच रात्रभर घसरतो, त्याच्याबाबत ही काळजी अधिक. सिडनीत तीव्र ॲप्निया असलेल्या स्थूल पुरुषांवर १८ आठवड्यांची चाचणी झाली, तेव्हा इंजेक्शननंतर सातव्या आठवड्याला रात्रीचा ऑक्सिजन अधिक बिघडलेला दिसला. अठराव्या आठवड्यापर्यंत तो फरक उरला नाही. धोका कायमचा नसला, तरी पहिल्या आठवड्यांत आहे. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची २०१८ ची मार्गदर्शिका म्हणूनच सांगते की तीव्र ॲप्नियावर उपचार झालेले नसताना टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये.

खऱ्या कमतरतेला हे औषध लागतेच, त्याबद्दल वाद नाही. योग्य वेळी घेतलेले दोन्ही नमुने स्पष्टपणे कमी आले, मुक्त टेस्टोस्टेरॉनही कमी निघाले, झोपेत किंवा पहाटे येणारी ताठरता नाहीशी झाली, दाढीची वाढ मंदावली किंवा वृषणे लहान झाली, तर एलएच आणि प्रोलॅक्टिन तपासून दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीत, हे शोधावे लागते. प्रोलॅक्टिन बरेच वाढलेले असेल तर ग्रंथीची गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करतात. अशा माणसाला “झोप सुधारा” एवढेच सांगून परत पाठवणेही चूकच.

आपल्या रुग्णात असे काही नव्हते. त्याने ड्यूटी बदलून घेण्याचा प्रयत्न केला, ते झाले नाही. मग दिवसाच्या झोपेसाठी खोलीत पूर्ण अंधार केला, फोन बंद ठेवू लागला आणि झोप पाच तासांवरून साडेसहावर नेली. वर्षभरात वजन १२ किलोंनी उतरले आणि तेव्हा कुठे टेस्टोस्टेरॉन ३९० वर गेले. इच्छा मात्र त्याच्या नऊ महिने आधीच परतली होती.